सेमिस्टर अर्धवट सोडून नागपूरला यावं लागलं, तर अमेरिकेच्या व्हिसाचं काय होतं?

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. टेक्सासमध्ये एमएस करणाऱ्या मुलीला पहाटे नागपूरहून काकांचा फोन येतो. बाबांना अटॅक आलाय, आयसीयूत आहेत. ती तासाभरात तिकीट काढते, बॅग भरते आणि निघते. कॉलेजला कळवायचं राहून जातं.

हे उदाहरण कल्पनेतलं आहे, पण गाडी अडते ती नेमकी इथेच.

अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्या प्रत्येक मुलाची नोंद सेविस नावाच्या सरकारी सिस्टिममध्ये असते. ती सांभाळतो कॉलेजमधला डीएसओ, म्हणजे इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसमधला अधिकारी. म्हणून तिकीट काढतानाच त्याला एक ईमेल टाकायचा. चार ओळी पुरतात: काय झालंय, कधी निघताय, अंदाजे किती दिवस लागतील. सोबत हॉस्पिटलच्या लेटरहेडवरचं, तारखेचं पत्र. ते नंतर पाठवलं तरी चालतं.

काम दहा-पंधरा दिवसांचं असेल आणि प्राध्यापक सांभाळून घेत असतील, तर सेमिस्टर सोडायची गरज नसते. राहिलेल्या विषयाला ‘इनकम्प्लीट’ शेरा घेऊन परीक्षा नंतर देता येते का, हे आधी विचारा. निघताना आय-२० वरची प्रवासाची सही एका वर्षाच्या आतली आहे ना आणि पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला नाही ना, एवढं बघा. व्हिसा संपला असेल तर परतण्याआधी नवा घ्यावा लागेल आणि त्याची अपॉइंटमेंट आपल्या हातात नसते.

जास्त दिवस लागणार असतील, तर डीएसओच्या परवानगीने सेमिस्टर सोडायचं. तो सेविसमध्ये ‘ऑथोराइज्ड अर्ली विड्रॉवल’ अशी नोंद करतो. त्यानंतर देश सोडायला १५ दिवस मिळतात. रेकॉर्डपुढे ‘टर्मिनेटेड’ दिसतं आणि पोरं घाबरतात, पण परवानगीने झालेली ही नोंद म्हणजे शिक्षा नव्हे. न सांगता गेलात तर मात्र कारण वेगळं लिहिलं जातं आणि पुढच्या व्हिसा मुलाखतीत त्याचं उत्तर द्यावं लागतं.

आता खरी मेख आहे पाच महिन्यांची. आपली मुलगी १५ ऑक्टोबरला निघाली आणि जानेवारीच्या मध्यात परतली, तर तीनच महिने होतात. अशा वेळी डीएसओ जुनंच रेकॉर्ड पुन्हा सुरू करून घेऊ शकतो. याला वेळ लागतो, म्हणून डिसेंबर उजाडायच्या आधीच त्याला लिहायचं आणि रेकॉर्ड ‘अ‍ॅक्टिव्ह’ झाल्याशिवाय विमानात बसायचं नाही.

हाच फोन १० मार्चला आला असता तर? पुढचं सेमिस्टर ऑगस्टच्या शेवटी, म्हणजे साडेपाच महिन्यांनी. मग नवा आय-२०, पुन्हा ३५० डॉलर सेविस फी आणि बहुतेक वेळा नवा व्हिसा. पासपोर्टवर व्हिसाची तारीख शिल्लक दिसते, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. शिवाय सीपीटी-ओपीटीसाठी लागणारं एक शैक्षणिक वर्ष पहिल्यापासून मोजलं जातं. म्हणून मार्चमध्ये निघणाऱ्याने एक प्रश्न जरूर विचारावा: जूनच्या समर सेशनला परत आलो तर चालेल का?

इथे सीनियर्सचा सल्ला जपून घ्या. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत नागपुरात बेड मिळत नव्हते, तेव्हा अनेक घरांत हाच प्रसंग आला. ४ मेपासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्यांवर बंदी घातली आणि १ ऑगस्टपासून पुढे सुरू होणाऱ्या शिक्षणासाठी विद्यार्थ्यांना सूट दिली. कोविडमुळे पाच महिन्यांचा नियमही तेव्हा शिथिल होता. “मी आठ महिने घरी होतो, काही झालं नाही” हे त्या काळचं खरं असेल, आज ती सवलत नाही.

राहिली फी. परतावा दर आठवड्याला कमी होत जातो आणि काही आठवड्यांनी शून्यावर येतो. तो ठरतो तुमचा विड्रॉवलचा अर्ज कोणत्या तारखेला पोचला यावर. तुम्ही वर्गात शेवटचे कधी बसलात याला सहसा किंमत नसते. म्हणून आयसीयूबाहेर बसून का होईना, फॉर्म त्याच आठवड्यात भरा. मुदत गेली असेल तर हॉस्पिटलची कागदपत्रं जोडून अपील करता येतं. बऱ्याच ठिकाणी रोख न देता ती रक्कम पुढच्या सेमिस्टरला वळवतात.

शैक्षणिक कर्ज असेल तर घरच्या कुणीतरी बँकेत लेखी अर्ज द्यावा. पुढचा हप्ता कॉलेजला जायला नको आणि कोर्स लांबल्याची नोंदही व्हायला हवी. साधारणपणे परतफेड कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होते, पण बँकेच्या कागदावर कोर्स संपायची जुनीच तारीख राहिली तर ईएमआय तुमचं शिक्षण चालू असतानाच सुरू होईल. अर्जाची पोच घ्या, शिक्क्यासकट.