बांधाच्या मोजणीचं दरपत्रक मागवताना

समजा, एका शेतकरी सहकारी संस्थेला गोदामासाठी घेतलेल्या गटाची हद्द तपासायची आहे. परवानाधारक भूमापकाला ‘मोजणीचा दर कळवा’ एवढंच लिहिलं, तर एक जण फक्त नकाशाचा दर देईल, दुसरा खुणा रोवण्यासकट. मग दरांची तुलना कशी करणार?

म्हणून पत्राच्या सुरुवातीला गाव, गट क्रमांक आणि सातबारावरचं क्षेत्र लिहावं. सोबत सातबारा आणि गटाचा नकाशा जोडावा. शेजाऱ्याशी वाद असेल तर तोही लपवू नये.

त्यानंतर काय काय हवं ते क्रमांक घालून मागावं: प्रत्येक कोपऱ्यावर पक्की खूण, प्रमाण आणि उत्तर दिशा दाखवणारा सहीचा नकाशा, कोपऱ्यांच्या निर्देशांकांचा तक्ता, त्याची संगणकीय फाइल, आणि कागदावरची हद्द व प्रत्यक्ष वहिवाट यांतला फरक सांगणारा अहवाल.

हा अहवाल सर्वांत मोलाचा. दोनशे मीटर लांबीचा बांध सगळीकडे एक मीटर आत सरकला असेल, तर दोनशे चौरस मीटर, म्हणजे जवळपास दोन गुंठे जमीन गेलेली असते. नुसत्या एकूण क्षेत्रावरून हे कळेलच असं नाही, कारण दुसऱ्या बाजूचा बांध बाहेर सरकलेला असू शकतो.

दर मात्र मोजणी, खुणा, नकाशा आणि कर असा वेगवेगळा मागवावा. शेवटचा हप्ता, दोन-तीन कोपरे संस्थेच्या माणसांसमोर पुन्हा मोजून तक्त्याशी जुळल्यावरच द्यावा.