चौघांत वाटलेली असाइनमेंट

इंजिनिअरिंगच्या गणितात फूरिए सिरीज शिकवून झाली की हमखास एक लांबलचक असाइनमेंट मिळते. चौघांचा गट, एकच मोठा प्रश्न आणि त्याचे सात भाग. आकडेमोड चौघांपैकी कुणालाही जमण्यासारखी असते. तरीही शेवटच्या रात्री गोंधळ होतो, आणि त्याचं मूळ बहुतेकदा गटप्रमुखानं पहिल्या दिवशी पाठवलेल्या मेसेजमध्ये असतं. ‘पहिले दोन तू कर, पुढचे दोन ती करेल’ अशी वाटणी दिसायला सारखी असते, पण गणिताचे भाग एकमेकांवर उभे असतात.

आपण नेहमीचंच उदाहरण घेऊ. f(x) = x² हे फलन −π ते π या मध्यांतरात फूरिए सिरीजमध्ये मांडायचं आहे. म्हणजे एक साधा परवलय अनेक कोसाइन लहरींची बेरीज म्हणून लिहायचा. भाग १ मध्ये फलन सम आहे हे दाखवायचं, म्हणजे साइनची सगळी पदं शून्य होतात. भाग २ मध्ये a0 आणि भाग ३ मध्ये an काढायचा. भाग ४ मध्ये सिरीज लिहून x = 0 आणि x = π ठेवायचं आणि त्यातून 1 + 1/4 + 1/9 + … या बेरजेची किंमत π²/6 येते हे दाखवायचं. ऑयलरनं अठराव्या शतकात शोधलेली हीच ती प्रसिद्ध बेरीज. भाग ५ मध्ये पार्सेव्हलचं सूत्र, भाग ६ मध्ये आलेख आणि भाग ७ मध्ये त्याच x² ची 0 ते π मधली हाफ-रेंज साइन सिरीज.

बुधवारी असाइनमेंट मिळाली आणि ती सोमवारी सकाळी द्यायची आहे, असं समजू. गटप्रमुखाचा मेसेज असा असावा (नावं उदाहरणापुरती):

“मंडळी, सोमवारी सकाळी १० ला सबमिशन आहे. आपण रविवारी दुपारीच संपवू. आधी एक गोष्ट पक्की करा: सिरीज a0/2 + Σ an cos nx अशीच लिहायची, म्हणजे a0 च्या इंटिग्रलबाहेर 1/π.
सानिका, तुझ्याकडे भाग १, २, ३. a0 आणि an गुरुवारी रात्री ९ पर्यंत ग्रुपवर टाक. ओंकार आणि मी त्यावरच थांबलोय, म्हणून आधी नुसती उत्तरं दे. फेअर नंतर केलंस तरी चालेल.
मानसी, भाग ७ तुझा. सगळ्यात किचकट आहे, पण कुणासाठी थांबावं लागणार नाही, आजच सुरू कर. शनिवारी रात्री ९ पर्यंत दे. गुरुवारी सानिकाचा an तेवढा तपास.
ओंकार, भाग ४ आणि ६. शनिवारी संध्याकाळी ६ पर्यंत.
भाग ५ आणि सगळं एकत्र लावणं माझ्याकडे. रविवारी दुपारी १२ पर्यंत करतो.
अडकलात तर शुक्रवारी सांगा, शनिवारी रात्री नको.”

या मेसेजमधला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय सानिकाला सोपे वाटणारे भाग देण्याचा आहे. एरवी गटातल्या हुशार मुलीकडे सर्वांत अवघड भाग आपोआप जातो. इथे अवघड आहे भाग ७. त्यात x² sin nx चं इंटिग्रेशन बाय पार्ट्स दोनदा करावं लागतं आणि उत्तरात दोन वेगळ्या जातीची पदं येतात. पण हा भाग एक दिवस लांबला तर इतर कुणाचंच काही अडत नाही. an मात्र एक दिवस लांबला, तर भाग ४, ५ आणि ६ तिन्ही अडतात. म्हणून ज्याच्यावर इतर थांबलेत तो भाग सर्वांत भरवशाच्या हातात आणि सर्वांत लवकरच्या मुदतीत हवा. अवघड आणि स्वतंत्र भाग चिवटपणे बसणाऱ्याकडे द्यावा, आणि त्याला मुदत सैल ठेवावी. मानसीला तपासणी देण्यामागेही कारण आहे: भाग ७ साठी तिला तसंच इंटिग्रेशन करायचं आहे, त्यामुळे हातखंडा ताजा असतो.

दुसरी महत्त्वाची ओळ a0/2 ची. काही पुस्तकांत सिरीजची सुरुवात a0/2 नं होते, काहींत नुसत्या a0 नं. पहिल्या पद्धतीत a0 = 2π²/3 येतो, दुसऱ्या पद्धतीत π²/3. दोन्ही बरोबर आहेत. पण सानिकानं दुसऱ्या पुस्तकातून π²/3 काढला आणि ओंकारनं पहिल्या पुस्तकाप्रमाणे त्याला दोननं भागलं, तर सिरीज π²/6 पासून सुरू होते. दोघांच्या वहीत चूक सापडत नाही, कारण चूक दोघांच्या मध्ये असते.

ती पकडायची कशी? ओंकारनं x = π ठेवलं की त्याची बेरीज π²/6 ऐवजी 5π²/24 येईल, म्हणजे सुमारे २.०६. कॅल्क्युलेटरवर पहिली दहा पदं मिळवली तर १.५५ होतात, आणि उरलेली सगळी पदं मिळून ०.१ पेक्षा कमीच भरतात. बेरीज दोनपर्यंत जाणं शक्यच नाही. आलेखातही हेच दिसतं: परवलयाचा तळ शून्यावर टेकण्याऐवजी उणे १.६४ च्या आसपास लोंबतो. म्हणून भाग ४ आणि ६ एकाच माणसाकडे असलेले बरे. उत्तर आणि चित्र त्याच्यासमोर शेजारीशेजारी असतात.

आणखी एक चूक जास्त फसवी आहे. खरं उत्तर an = 4(−1)ⁿ/n² आहे. घाईत (−1)ⁿ गळालं तर भाग ५ मध्ये काहीच बिघडत नाही. पार्सेव्हलच्या सूत्रात an चा वर्ग होतो आणि चिन्ह पुसलं जातं. गटप्रमुखाला 1 + 1/16 + 1/81 + … = π⁴/90 हे अगदी बरोबर उत्तर मिळेल, आणि सगळं ठीक आहे असं त्याला वाटेल. भाग ४ मध्ये मात्र x = 0 ठेवताच धन पदांची बेरीज ऋण येते, म्हणजे चूक उघडी पडते. त्यामुळे सानिकाच्या उत्तराची कसोटी ओंकारच्या हातात आहे, प्रमुखाच्या नाही. ओंकारची मुदत शनिवार संध्याकाळ असली, तरी x = 0 ची चाचणी त्यानं शुक्रवारीच करून ग्रुपवर कळवली पाहिजे. वरच्या मेसेजमध्ये ही ओळ राहिली आहे, ती घालायला हवी.

वाटणीची एक मर्यादाही आहे. तोंडी परीक्षेत सर ओंकारला भाग ७ विचारू शकतात. त्यासाठी रविवारी रात्री अर्धा तास कॉल करावा आणि प्रत्येक भाग तो न सोडवणाऱ्यानं समजावून सांगावा. मानसीनं पार्सेव्हल सांगायचं, सानिकानं आलेख. जिथे वाक्य अडखळेल तिथे ज्यानं भाग सोडवला त्यानं पुढे यायचं, आणि तेवढीच पायरी पुन्हा करून दाखवायची.