क्षयरोगाची औषधे आणि यकृताची राखण

फुप्फुसाच्या साध्या, म्हणजे औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगावर भारतात सहा महिन्यांचा उपचार दिला जातो. डॉक्टर तो 2HRZE/4HRE असा लिहितात. H म्हणजे आयसोनियाझिड, R रिफॅम्पिसिन, Z पायराझिनामाइड आणि E इथॅम्ब्युटॉल. अक्षरांआधीचा आकडा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चारही औषधे आणि पुढचे चार महिने पायराझिनामाइड सोडून उरलेली तीन, असा त्याचा अर्थ.

एकच औषध दिले, तर त्याला आधीपासून न जुमानणारे थोडे जंतू मागे राहतात आणि वाढत जातात, म्हणून चार औषधांची गरज पडते. शिवाय प्रत्येकाचे काम वेगळे असते. आयसोनियाझिड वेगाने वाढणारे जंतू पहिल्या काही दिवसांतच मारते. रिफॅम्पिसिन अधूनमधून जागे होणाऱ्या सुस्त जंतूंनाही गाठते. पायराझिनामाइड आम्लधर्मी वातावरणात दडलेल्या जंतूंवर चालते. नऊ महिन्यांचा उपचार सहा महिन्यांवर आला तो याच औषधामुळे. इथॅम्ब्युटॉलचा मुख्य उपयोग राखणदाराचा आहे. जंतूंना आयसोनियाझिड लागू पडत नसेल, तर रिफॅम्पिसिन एकटे पडू नये म्हणून ते सोबत असते.

सरकारी कार्यक्रमात ही औषधे एकाच गोळीत मिळतात. मोठ्यांच्या चार औषधांच्या गोळीत आयसोनियाझिड ७५, रिफॅम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम असते. किती गोळ्या घ्यायच्या ते वजनावर ठरते: ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ५० ते ६४ किलोला चार. त्यामुळे दर महिन्याला वजन करणे हा उपचाराचाच भाग आहे. रुग्णाचे वजन वाढून तो वरच्या गटात गेला, तर गोळ्याही वाढवाव्या लागतात.

प्रत्येक औषधाचा एक ठळक दुष्परिणाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. आयसोनियाझिडमुळे शरीरातील ‘बी-सहा’ जीवनसत्त्व कमी पडते आणि हातापायांना मुंग्या येतात, जळजळ होते. त्यासाठी पायरिडॉक्सिनची गोळी सोबत देतात. पायराझिनामाइडने रक्तातील युरिक आम्ल वाढते आणि सांधे दुखतात. इथॅम्ब्युटॉलने डोळ्यांच्या नसेला सूज येऊ शकते. दिसणे अंधुक होते, लाल आणि हिरवा रंग ओळखताना गोंधळ होतो. असे झाले की ते औषध तत्काळ थांबवून नेत्रतज्ज्ञाकडे पाठवतात. रिफॅम्पिसिन यकृतातील विकरांना चेतवते, त्यामुळे इतर अनेक औषधे शरीरातून लवकर निघून जातात. गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा उरत नाही, तेव्हा त्या काळात दुसरा उपाय सुचवावा लागतो.

उपचार खरोखर अडतो तो यकृताशी. चारपैकी आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तीन औषधे यकृताला इजा करू शकतात, तर इथॅम्ब्युटॉलपासून हा धोका जवळजवळ नाही. हा त्रास बहुतेक वेळा पहिल्या दोन महिन्यांत दिसतो. दारू पिणारे, वयस्क, कुपोषित, गरोदर किंवा बाळंत स्त्रिया आणि आधीपासून हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी किंवा एचआयव्हीची लागण असलेले रुग्ण यांना धोका जास्त. अशांची यकृताची तपासणी उपचाराआधी आणि नंतरही ठरावीक अंतराने करतात. बाकीच्यांची आधी एकदा करून पुढे लक्षणे दिसताच करतात.

इथे रुग्णांचा एक नेहमीचा गोंधळ होतो. रिफॅम्पिसिनमुळे पहिल्या दिवसापासूनच लघवी नारिंगी-लालसर होते. घाम आणि अश्रूंनाही तो रंग चढतो. हे निरुपद्रवी आहे आणि उपचाराआधीच सांगायला हवे. काविळीत मात्र लघवी गडद पिवळी होते, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतो आणि त्याआधी काही दिवस अन्नाची वासना उडते, मळमळते, उलट्या होतात. डोळे पांढरे आणि भूक चांगली असेल, तर नुसत्या रंगाने घाबरण्याचे कारण नाही.

रक्तातील ‘एएलटी’ हे विकर थोडे वाढले म्हणून औषधे बंद करत नाहीत. अशी किंचित वाढ अनेकांत होते आणि गोळ्या चालू असतानाच आपोआप उतरते. औषधे थांबवण्याची सीमा ठरलेली आहे: लक्षणे असतील तर एएलटी सर्वसाधारण कमाल मर्यादेच्या तिपटीहून अधिक, लक्षणे नसतील तर पाचपटीहून अधिक. कावीळ उघड दिसली, तरीही औषधे थांबवतात.

एक उदाहरण घेऊ. ४२ किलो वजनाच्या रुग्णाला रोज तीन गोळ्या चालू आहेत, म्हणजे आयसोनियाझिड २२५, रिफॅम्पिसिन ४५०, पायराझिनामाइड १२०० आणि इथॅम्ब्युटॉल ८२५ मिलिग्रॅम. तिसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू होतात, डोळे पिवळे दिसतात. एएलटी २६० येते, प्रयोगशाळेची कमाल मर्यादा ४० आहे. ही साडेसहापट वाढ झाली आणि सोबत लक्षणेही आहेत, म्हणून एकत्रित गोळी त्याच दिवशी बंद होते. हिपॅटायटिसच्या विषाणूंची तपासणी करतात, दारूची आणि इतर औषधांची चौकशी करतात, कारण काविळीचे कारण दुसरेही असू शकते. आजार गंभीर असेल, तर यकृताला न दुखावणारी औषधे, जसे इथॅम्ब्युटॉल आणि लिव्होफ्लॉक्सासिन, मधल्या काळात देतात.

लक्षणे गेली आणि एएलटी दुपटीच्या आत, म्हणजे ८० च्या खाली आले, की औषधे पुन्हा एकेक करून सुरू होतात. एकत्रित गोळीत दोषी कोण हे कळत नाही, म्हणून इथे सुटी औषधे लागतात. सर्वांत परिणामकारक आणि तुलनेने कमी धोक्याचे म्हणून रिफॅम्पिसिन पहिले. तीन ते सात दिवसांनी रक्त तपासून सारे ठीक असेल, तर आयसोनियाझिड, आणि पुन्हा तपासणी. या काळात इथॅम्ब्युटॉलसारखी साथ चालूच ठेवतात, नाहीतर जंतूंसमोर एकटे औषध राहून त्याला प्रतिरोध निर्माण होईल. एखादे औषध सुरू करताच एएलटी पुन्हा उसळले, तर दोषी तेच.

या रुग्णाला रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड दोन्ही सोसली. कावीळ झालेली असल्याने पायराझिनामाइड पुन्हा देऊन पाहण्याचा धोका पत्करत नाहीत. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते: सहा महिन्यांऐवजी उपचार सुमारे नऊ महिने चालतो. दोषी रिफॅम्पिसिन ठरले असते, तर उपचार वर्षभरापर्यंत लांबला असता. म्हणूनच ते सहजासहजी सोडत नाहीत.

उपचार लागू पडतो आहे की नाही, हे थुंकीच्या तपासणीवरून ठरते. नेहमीच्या उपचारात ती पहिल्या दोन महिन्यांच्या अखेरीस आणि उपचार संपताना करतात. दोन महिन्यांनंतरही जंतू दिसले, तर गोळ्या नियमित घेतल्या का हे विचारतात आणि औषधांना प्रतिरोध आहे का ते तपासतात. उपचार संपल्यावरही दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, आजार उलटला नाही ना हे पाहिले जाते.