पावणेचार की पावणेपाच?

मैत्रिणींनो, मुलाला घड्याळ शिकवताना आपण दोन्ही काटे एकदम दाखवतो आणि तिथंच घोळ होतो. पुठ्ठ्याचं घड्याळ करा, पण आधी त्याला फक्त लहान काटा लावा. तो बरोबर तीनवर असला तर तीन वाजले. तीन सोडून थोडा पुढं गेला तर सव्वातीन, तीन आणि चारच्या मधोमध आला तर साडेतीन, चारला थोडाच कमी असला तर पावणेचार. हे जमलं की मगच मोठा काटा लावा. भाकरीचे करतो तसे घड्याळाचे चार चतकोर, एकेक पंधरा मिनिटांचा. मोठा काटा तीनवर आला की सव्वा, सहावर साडे, नऊवर पावणे.

माझी लेक पावणेलाच अडायची. आमची एसटी पावणेचारची. लहान काटा चारजवळ, मोठा नऊवर बघून ती म्हणाली, "चार पंचेचाळीस, म्हणजे पावणेपाच. गाडी गेली!" आणि रडायलाच लागली.

मी लहान काट्यावर बोट ठेवलं. "यानं चार गाठले का?"

"नाही."

"मग चार व्हायला एक चतकोर कमी. किती वाजले?"

"पावणेचार!"

चूक माझीच होती. पुठ्ठ्यावर शिकवताना मी मोठाच काटा फिरवायचे, लहान तीनवरच ठेवायचे. खऱ्या घड्याळात दोन्ही सरकतात. तुम्हीही दोन्ही सरकवा.