तो कापड ला, की तो का पडला?

मोडीत शब्दांमध्ये जागा सोडायची रीत नव्हती. ओळ सलग चालायची आणि कुठला शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने ओळखायचे. हेच काम संगणकाला द्यायचे असेल, तर त्याच्याजवळ दोनच गोष्टी असतात: अक्षरांची सलग ओळ आणि शब्दांची यादी.

समजा, ओळ आहे ‘तोकापडला’ आणि यादीत तो, का, कापड, पडला एवढेच शब्द आहेत. पहिली युक्ती सुचते ती डावीकडून मिळेल तो सर्वांत लांब शब्द उचलण्याची. ‘तो’ सुटला, मग ‘कापड’, आणि उरला ‘ला’. तो यादीत नाही, म्हणजे गाडी अडली. मागे येऊन दुसरा तोड करून पाहता येतो, पण ते महागात पडते. ‘का’ हे अक्षर वीस वेळा आणि शेवटी ‘म’ अशी ओळ घ्या. यादीत फक्त ‘का’ आणि ‘काका’. त्या वीस अक्षरांचे तुकडे १०,९४६ प्रकारे पडतात. संगणक प्रत्येक वाटेने ‘म’पर्यंत जातो आणि प्रत्येक वेळी रिकाम्या हाताने परततो.

वाया जाते ते एकच काम पुन्हा पुन्हा करण्यात. डायनॅमिक प्रोग्रॅमिंगची पद्धत ते टाळते. ओळीच्या सुरुवातीपासूनचा प्रत्येक तुकडा पूर्णपणे शब्दांत फुटतो का, एवढेच ती एकदा ठरवते आणि नोंदवून ठेवते.

रिकाम्या तुकड्याला ‘हो’ धरायचे. ‘तो’: हो. ‘तोका’: ‘तो’ला हो आहे आणि पुढचा ‘का’ यादीत आहे, म्हणून हो. ‘तोकाप’: कुठेही तोडले तरी जमत नाही, नाही. ‘तोकापड’: ‘तो’नंतर ‘कापड’, हो. आता पूर्ण ओळ. ‘तोकापड’नंतर ‘ला’ चालत नाही. पण ‘तोका’ला हो आहे आणि पुढे ‘पडला’ यादीत आहे. उत्तर मिळाले: तो का पडला. लांब शब्दाच्या मोहात जी वाट सुटली होती, ती नोंदीमुळे शाबूत राहिली.

खर्च मोजणेही सोपे आहे. n अक्षरांच्या ओळीत जास्तीत जास्त n(n+1)/2 तुकडे यादीत शोधावे लागतात. ‘काका’च्या २१ अक्षरी ओळीला २३१, शंभर अक्षरांना ५,०५०. यादीतला सर्वांत लांब शब्द आठ अक्षरांचा असेल, तर त्याहून लांब तुकडे पाहायचेच नाहीत. मग शंभर अक्षरांना आठशेच्या आतच भागते. यादी मात्र ‘सेट’ या रचनेत ठेवायला हवी, म्हणजे शब्द आहे की नाही हे सगळी यादी न चाळता कळते. तुकडा कापायला आणि तपासायला त्याच्या लांबीइतका वेळ लागतो, तो वेगळा धरायचा.

‘आजीवनराईतगेली’ या ओळीवर मात्र नुसते ‘हो’ पुरत नाही. आजी वनराईत गेली, की कुणी आजीवन राईत गेली? दोन्ही फोडी यादीत बसतात. अशा वेळी हो-नाहीऐवजी प्रत्येक तुकड्याची सर्वांत चांगली फोड आणि तिचे गुण नोंदवतात. गुण ठरतात ते शब्द रोजच्या लिखाणात किती वेळा येतात यावरून.