वेळेकडून अंतराकडे

बारामती-इंदापूर पट्ट्यात गाडी धुवायची म्हटलं की रॅम्प, प्रेशर पंप आणि गन धरलेला पोरगा हेच चित्र. स्वयंचलित कार वॉशचा बोगदा इथल्या आमच्या मुलांना भेटला तो पीएलसीच्या लॅबमध्ये, लॅडर लिहिण्याचा सराव म्हणून. अमेरिकेत सिएटलला 1951 मध्ये गाडी हात न लावता धुऊन निघू लागली, पहिला पीएलसी, मोडिकॉन 084, आला 1969 मध्ये. आमच्या लॅबमध्ये मात्र हा सराव बराच काळ टायमरवरच अडला होता.

तेव्हाचं उत्तर असं: गाडीने दाराशी सेन्सर झाकला की वीस सेकंदांनी फेस, एकशेवीस सेकंदांनी ब्लोअर. चेन सेकंदाला 10 सेंटिमीटर सरकते आणि ब्लोअर 12 मीटरवर आहे, तोवर हिशोब जुळतो. चार मीटरच्या गाडीसाठी तो 160व्या सेकंदाला बंद होतो. पण पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल निघावा म्हणून कुणी ड्राइव्ह 50 वरून 40 हर्ट्झवर आणला, तर वेग 8 सेंटिमीटर होतो. 160 सेकंदांत गाडीचं नाक 12.8 मीटरवर पोहोचतं. म्हणजे पुढचे 80 सेंटिमीटर वाळतात, बाकी गाडी ओलीच बाहेर येते. चेन मध्येच थांबली तर आणखी वाईट, कारण टायमर थांबत नाही.

पुढे मुलांनी स्प्रॉकेटवर प्रॉक्सिमिटी सेन्सर बसवला आणि दर 10 सेंटिमीटरला एक पल्स घेतली. प्रत्येक पल्सला दाराचा सेन्सर झाकलेला आहे की मोकळा, हे शिफ्ट रजिस्टरमध्ये एक घर पुढे सरकतं. विसाव्या घरात गाडी असेल तोवर फेस, एकशेविसाव्यात असेल तोवर हवा. वेग बदलो, चेन थांबो, गाडीची जागा चुकत नाही. माझ्या मते या सरावातली खरी शिकवण हीच.

नवी अडचण सेन्सरची. किरण काचेच्या उंचीवर असेल तर आरपार जातो आणि एका गाडीच्या दोन होतात. पिकअपची केबिन आणि हौदा यांच्यातली फटही तसंच फसवते. म्हणून सलग सहा पल्स मोकळ्या मिळाल्याशिवाय गाडी संपली असं धरायचं नाही. उलट लेन्सवर फेस साचला की गाडी संपतच नाही. साठ पल्सच्या पुढे सेन्सर झाकलेलाच राहिला की चेन थांबवून अलार्म द्यायचा.

वेळ उरते ती ब्लोअरपुरती. तीन मोटारी एकदम सुरू केल्या तर व्होल्टेज बसतं, म्हणून तीन-तीन सेकंदांच्या अंतराने. शेवटची मोटार सहाव्या सेकंदाला सुरू होते, पूर्ण वेगाला आणखी पाच. अकरा सेकंद म्हणजे अकरा पल्स, तेव्हा पहिली मोटार 109व्या घरालाच सुरू करावी लागते. हा हिशोब चेनच्या सर्वांत जास्त वेगाला धरायचा. वेग कमी झाला तर ब्लोअर थोडे आधी फिरू लागतात, जास्त झाला तर गाडीचं बॉनेट ओलं राहतं.