हॉटफिक्स डिप्लॉय झाला, पण पुढच्या रिलीजमध्ये आहे का?

मे २०१९ मध्ये ॲपलने आयओएस १२.३ काढून कर्नलमधली एक गंभीर त्रुटी बुजवली. गूगलच्या प्रोजेक्ट झीरोबरोबर काम करणाऱ्या नेड विल्यमसन यांनी शोधलेली ही त्रुटी CVE-2019-8605 या क्रमांकाने नोंदली गेली होती. जुलैत १२.४ आलं आणि ऑगस्टमध्ये लोकांच्या लक्षात आलं की तीच त्रुटी पुन्हा उघडी पडली आहे. पूर्ण अपडेट केलेल्या फोनसाठीही तिच्या आधारे जेलब्रेक बाहेर आला. शेवटी २६ ऑगस्टला १२.४.१ काढून ॲपलला तीच दुरुस्ती दुसऱ्यांदा पाठवावी लागली. दुरुस्ती झाली होती, कोट्यवधी फोनवर पोचलीही होती, तरी पुढच्या आवृत्तीत ती नव्हती. हॉटफिक्सबद्दलचा सगळ्यात पसरलेला गैरसमज याच ठिकाणी उघडा पडतो: प्रॉडक्शनवर गेलं की काम संपलं, तिकीट बंद करा. खरं तर आज प्रॉडक्शनवर असलेला कोड काही दिवसांनी बदलला जाणारच असतो. त्याची जागा घेणाऱ्या आवृत्तीत दुरुस्ती नसेल, तर आपण चूक सुधारलेली नसते, फक्त पुढच्या रिलीजच्या तारखेपर्यंत लांबवलेली असते. आणि ती परत येते तेव्हा शोधणं आणखी कठीण जातं, कारण हा प्रश्न सुटलेला आहे अशी नोंद सगळ्यांच्या समोर असते.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. समजा, पैसे परत करणाऱ्या एका प्रणालीची ४.२.० ही आवृत्ती चालू आहे. ४.३ टेस्टिंगमध्ये आहे, तिची ब्रँच `release/4.3`. `main` वर ५.० चं काम सुरू आहे आणि एका ग्राहकाच्या स्वतःच्या सर्व्हरवर अजून ४.१ चालते. तक्रार येते: एका खात्यात परतावा दोनदा जमा झाला. या क्षणी तिकिटात काय लिहिलं जातं यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. ‘रिफंड चुकतोय, अर्जंट’ एवढ्यावर कोणालाच काम करता येत नाही. कोणती आवृत्ती, कोणता व्यवहार क्रमांक, किती वाजता, आणि चूक पुन्हा घडवून कशी आणता येते, या चार गोष्टी हव्यात. लॉगमध्ये दिसतं की बँकेच्या गेटवेकडून तीस सेकंदांत उत्तर आलं नाही, म्हणून आपल्या प्रोग्रॅमने विनंती नव्या क्रमांकाने पुन्हा पाठवली. प्रत्यक्षात पहिलीही पोचली होती, त्यामुळे बँकेने दोन्ही वेगळ्या समजून पैसे दिले. दुरुस्ती मोजक्या ओळींची आहे: पुन्हा पाठवताना तोच विनंती क्रमांक वापरायचा, म्हणजे गेटवे दुसरी विनंती ओळखून नाकारतो. तिकिटात आणखी एक गोष्ट याच वेळी लिहायची असते आणि तीच बहुतेक वेळा राहून जाते: ही चूक कुठल्या कुठल्या आवृत्त्यांत आहे. इथे उत्तर चार ओळींचं आहे: ४.१, ४.२, ४.३ आणि `main`. तिकीट उघडतानाच या चार ओळी मांडल्या, तर नंतर कोणाच्या आठवणीवर विसंबावं लागत नाही.

हॉटफिक्सची ब्रँच `main` वरून काढावी, कारण तिथला कोड सगळ्यात ताजा असतो, असंही अनेकांना वाटतं. तसं केलं तर दोन ओळींच्या दुरुस्तीबरोबर ५.० चं अर्धवट कामही प्रॉडक्शनवर जाईल. सुरुवात करायची ती प्रॉडक्शनवर जे चालू आहे त्याच्या टॅगपासून:

```
git fetch --tags
git switch -c hotfix/PAY-871 v4.2.0
```

इथून ४.२.१ तयार होऊन डिप्लॉय होते. खरी कसोटी त्यानंतर, दुरुस्ती मागे मर्ज करताना लागते. व्हिन्सेंट ड्रीसेन यांनी २०१० मध्ये मांडलेल्या गिट-फ्लो पद्धतीत याचा नियम आहे. हॉटफिक्स मुख्य ब्रँचबरोबरच `develop` मध्येही मर्ज करायचा, पण रिलीज ब्रँच चालू असेल तर `develop` ऐवजी तिच्यात करायचा, कारण रिलीज पूर्ण झाल्यावर ती दुरुस्ती `develop` मध्ये येतेच. आपल्या उदाहरणात `develop` ची जागा `main` घेते. नियम तर्काला धरून आहे. फक्त ती रिलीज रद्द झाली किंवा महिनोन्महिने रखडली, तर पुढच्या कामाला दुरुस्ती मिळतच नाही, म्हणून दोन्हीकडे थेट मर्ज करणं मला अधिक सुरक्षित वाटतं.

`release/4.3` मध्ये मर्ज विनातक्रार होतो. `main` वर मात्र गिट अडतं. ५.० साठी `refund.py` ही फाइल काढून टाकलेली आहे, आणि पुन्हा विनंती पाठवण्याचा भाग नव्याने लिहून `payments/retry.py` मध्ये गेला आहे. स्क्रीनवर येतं:

```
CONFLICT (modify/delete): refund.py deleted in HEAD
and modified in hotfix/PAY-871.
```

मर्ज करणाऱ्याला दिसतं की ही फाइल `main` वर आता नाहीच. तो `git rm refund.py` करतो, कमिट करतो, मर्ज पूर्ण होतो. कॉन्फ्लिक्ट रीतसर सोडवला गेला, कुठेही लाल अक्षरं उरली नाहीत. पण `payments/retry.py` मध्ये दर वेळी नवा क्रमांक पाठवणारी जुनी चूक जशीच्या तशी आहे, आणि दुरुस्तीची एकही ओळ `main` पर्यंत पोचलेली नाही.

आता यावरचा गैरसमज. मर्ज झाला की नाही हे गिटला विचारावं, गिट खोटं बोलत नाही, असं म्हटलं जातं. गिट खोटं बोलत नाही हे खरंच, पण आपण विचारतो एक आणि ते उत्तर देतं दुसऱ्याच प्रश्नाचं. ही आज्ञा पाहा:

```
git branch -r --contains 3f9c2ab
```

हॉटफिक्सचा हा कमिट ज्यांच्या इतिहासात आहे त्या ब्रँचची यादी ती देते. वरचा मर्ज पुश झाल्यावर त्या यादीत `origin/main` नक्की दिसेल, कारण इतिहासात कमिट आहे. फाइलींत त्याचा मजकूर उरला आहे का, हे ती पाहतच नाही. मर्जनंतर कोणी तो कमिट `git revert` ने उलटवला, तरी उत्तर हेच येईल. उलट बाजूनेही फसगत होते. समजा ४.१ साठी दुरुस्ती मर्ज न करता चेरी-पिक केली. नवा कमिट तयार होतो, त्याचा हॅश वेगळा असतो आणि `--contains` म्हणतं की ४.१ मध्ये दुरुस्ती नाही. त्यासाठी `git cherry` आहे. ते हॅशऐवजी बदलांचा मजकूर ताडून पाहतं आणि जुळणाऱ्या कमिटपुढे उणे चिन्ह देतं. मात्र चेरी-पिक करताना कॉन्फ्लिक्टमुळे ओळी थोड्या बदलाव्या लागल्या असतील, तर ताळा जमत नाही आणि दुरुस्ती असूनही अधिक चिन्ह येतं. म्हणून `git cherry-pick -x` वापरावं. त्याने मूळ कमिटचा हॅश संदेशात लिहिला जातो आणि निदान माणसाला माग काढता येतो. ही सगळी साधनं कामाची आहेत. त्यांच्याकडून इतिहास समजतो, वागणूक समजत नाही.

वागणूक सांगते ती टेस्ट. पहिल्या विनंतीला मुद्दाम उत्तर न देणारा बनावट गेटवे उभा करायचा, परतावा मागायचा आणि पैसे किती वेळा जमा झाले ते मोजायचं. एकदाच झाले पाहिजेत. ही टेस्ट आधी ४.२.० वर चालवून ती नापास होते हे डोळ्यांनी पाहावं लागतं. जुन्या कोडवरही पास होणाऱ्या टेस्टने काहीच सिद्ध होत नाही. आणि ती `refund.py` मधल्या फंक्शनला हात न लावता बाहेरून, एपीआयमार्फत लिहावी. फायदा असा की टेस्टची फाइल नवी असल्यामुळे ती `main` मध्ये कॉन्फ्लिक्टशिवाय मर्ज होते. दुरुस्ती हरवली तरी टेस्ट पोचते, आणि `main` च्या बिल्डमध्ये नापास होऊन ती हरवल्याचं सांगते. मग कोणीतरी `payments/retry.py` उघडून तीच सुधारणा त्या कोडला शोभेल अशी लिहितो. इथे ‘मर्ज’ या शब्दाचा आग्रह सोडायला हवा. कोड पुरेसा बदललेला असेल तर दुरुस्ती नेता येत नाही, पुन्हा लिहावी लागते.

यावर आक्षेप येतो की रात्री दोन वाजता पैसे चुकीचे जात असताना टेस्ट लिहायला वेळ कुणाला? आक्षेप रास्त आहे. अशा वेळी आधी स्वयंचलित परतावे थांबवावेत किंवा दुरुस्ती तशीच पाठवावी. पण मग तिकीट उघडं राहिलं पाहिजे आणि टेस्ट दुसऱ्या दिवशीचं पहिलं काम असलं पाहिजे, इतर ब्रँचमध्ये मर्ज करण्याआधीचं. तातडी प्रॉडक्शनपुरती असते. `main` वर ग्राहक नाहीत, तिथे घाई करण्याचं काही कारण नसतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दुरुस्ती आधी `main` वर करा आणि तिथून मागच्या आवृत्त्यांत न्या, म्हणजे ती पुढे हरवणारच नाही. लिनक्स कर्नल असंच चालतं. दुरुस्ती लिनस टोरवाल्ड्स यांच्या मुख्य शाखेत असल्याखेरीज सहसा स्टेबल आवृत्तीत घेत नाहीत. जिथे जमेल तिथे हा क्रम चांगलाच आहे. पण त्याने धोका संपत नाही, दिशा बदलतो. अँड्रॉइडच्या बाइंडरमधली CVE-2019-2215 ही त्रुटी २०१८ मध्येच लिनक्सच्या ४.१४ स्टेबल मालिकेत आणि अँड्रॉइडच्या काही सामाईक कर्नलमध्ये बुजवलेली होती. तरीही ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रोजेक्ट झीरोने जाहीर केलं तेव्हा पिक्सेल २ सारख्या फोनवर ती उघडीच होती आणि तिचा वापर होत असल्याची चिन्हं होती. पुढे हरवण्याऐवजी दुरुस्ती मागे हरवली. दोन्ही पद्धतींत कुठे कुठे पोचायचं याची यादी टळत नाही.

डिप्लॉयमेंटलाही तीच यादी लागते. पाइपलाइन हिरवी झाली म्हणजे प्रत्येक सर्व्हरवर नवा बिल्ड चालू आहे असं धरून चालता येत नाही. जुलै २०१२ च्या अखेरीस नाइट कॅपिटल या अमेरिकी कंपनीने नवा कोड आठपैकी सातच सर्व्हरवर चढवला. १ ऑगस्टला आठव्यावरच्या जुन्या कोडने सुमारे ४५ मिनिटांत लाखो चुकीचे सौदे केले आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. ते हॉटफिक्सचं प्रकरण नव्हतं, पण ‘डिप्लॉय झालं’ हे कशावरून ठरवायचं हा प्रश्न तोच आहे. चालू प्रोग्रॅमनेच आपला कमिट हॅश सांगावा आणि तो प्रत्येक सर्व्हरवरून वाचून तिकिटात नोंदवावा.

आपल्या तिकिटात मग चार ओळी अशा भरल्या जातात: ४.२.१, सगळ्या सर्व्हरवर हॅश तपासला, टेस्ट पास. ४.३, मर्ज झालं, टेस्ट पास. `main`, नव्याने लिहिलं, कमिटचा दुवा, टेस्ट पास. ४.१ ची ओळ सगळ्यात उशिरा भरते, कारण सर्व्हर ग्राहकाचा आहे आणि त्याने अजून अपडेट घेतलेलं नाही. तिथे ‘चेरी-पिक झालं’ एवढं लिहून भागत नाही. बिल्ड कधी पाठवला, तो कोण बसवणार आणि तोपर्यंत परतावे हाताने मंजूर करायचे का, हे लिहावं लागतं. ग्राहक आठवड्यात ४.३ वरच जाणार असेल तर ‘४.१ ला दुरुस्ती नको’ हाही योग्य निर्णय ठरू शकतो, कारण आणि नाव लिहिलेलं असेल तर. आणि ज्यांना परतावा दोनदा गेला त्यांची यादी यातल्या कुठल्याच मर्जने निघत नाही. ती लॉगमधून वेगळी काढावी लागते, तिचं तिकीटही वेगळं.